मिलिमीटरला मिलिमीटर

पिंपळाचं पान आलेख कागदावर ठेवायचं, भोवती पेन्सिल फिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. अर्ध्याहून मोठा तुकडा पूर्ण धरायचा, लहान सोडून द्यायचा. पानाचं क्षेत्रफळ काढायची ही रीत शाळेत अनेकांनी केलेली असते. आता समजा, आलेख कागद दुकानातून न आणता इंटरनेटवरून उतरवला, घरच्या प्रिंटरवर छापला आणि छापताना तो शंभराला सहा मिलिमीटर आकसला. नुसत्या नजरेला हे कळत नाही. पण चौकोन दोन्ही बाजूंनी आकसतो, त्यामुळे एक चौरस सेंटिमीटर म्हणून मोजलेला चौकोन प्रत्यक्षात ०.८८ चौरस सेंटिमीटरच असतो. खरोखर ५० चौरस सेंटिमीटरचं पान या कागदावर साडेछप्पन्न भरतं. मोजणी बिनचूक, उत्तर मात्र तेरा टक्क्यांनी चुकलेलं.

तापमान आणि वेळ यांचा आलेख काढताना हा दोष कुठेच आडवा येत नाही, कारण तिथे दोन्ही अक्ष चौकोनांतच मोजले जातात. कागदाबाहेरची खरी वस्तू कागदावर आली, की मिलिमीटर खराच असावा लागतो. पान, नाणं, यंत्राचा सुटा भाग, शिवणाचा आराखडा, सगळ्यांना हे लागू आहे. असा कागद घरी तयार करता येतो. त्यासाठी वीस-पंचवीस ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम, ज्याला स्क्रिप्ट म्हणतात, पुरेसा होतो. त्याच ओळींत थोडे फेरफार केले की रेघांची वही आणि पाश्चात्त्य संगीताच्या पाच रेघांचा कागदही निघतो. अट एकच: फाइलमध्ये ठरवलेलं माप कागदावर येईपर्यंत कुठेही गळता कामा नये.

चित्र नको, सूचना हवी

पहिली गळती फाइलच्या प्रकारातच होते. इंटरनेटवर मिळणारे कितीतरी आलेख कागद म्हणजे चित्रं असतात, ठिपक्यांची बनलेली. छपाईसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या इंचाला ३०० ठिपके या हिशोबाने एका मिलिमीटरमध्ये ११.८१ ठिपके येतात. ठिपका अर्धा काढता येत नाही. मग प्रत्येक चौकोनाला १२ ठिपके दिले, तर १८० मिलिमीटरची चौकट १८२.९ मिलिमीटरची होते. एकूण लांबी सांभाळायची म्हटली, तर काही चौकोन १२ ठिपक्यांचे आणि काही ११ ठिपक्यांचे करावे लागतात. म्हणजे शेजारशेजारचे चौकोनच लहानमोठे होतात.

पीडीएफचं तसं नाही. पीडीएफमध्ये चित्रही ठेवता येतं, पण त्याची खरी ताकद रेघेची सूचना ठेवण्यात आहे: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, इतक्या जाडीची रेघ ओढ. ठिपके पाडायचं काम शेवटी प्रिंटरच करतो, पण ते त्याच्या स्वतःच्या बारीक मापाने आणि प्रत्येक रेघेसाठी स्वतंत्रपणे. इंचाला ६०० ठिपक्यांच्या प्रिंटरवर एक ठिपका ०.०४ मिलिमीटरचा असतो. एखादी रेघ फार तर त्याच्या निम्म्याने सरकते, आणि ती चूक पुढच्या रेघेत जमा होत नाही.

पीडीएफचं स्वतःचं एकक मिलिमीटर नाही, पॉइंट आहे. एका इंचाचे ७२ पॉइंट आणि एका इंचाचे बरोबर २५.४ मिलिमीटर. म्हणजे एक मिलिमीटर म्हणजे ७२ भागिले २५.४, साधारण २.८३४६ पॉइंट. हा आकडा कुठे तोडायचा, यात बरंच काही आहे. २.८ धरला तर १८० मिलिमीटरच्या चौकटीत दोन मिलिमीटरहून जास्त तूट येते. २.८३ धरला तरी ०.३ मिलिमीटर कमी पडतात. म्हणून सगळा हिशोब मिलिमीटरमध्येच ठेवायचा आणि रेघ ओढायच्या क्षणी पूर्ण गुणकाने गुणायचं. पॉइंटही सगळीकडे एकच नसतो. छपाईच्या जुन्या परंपरेतून आलेला, टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत आजही वापरात असलेला पॉइंट इंचाचा ७२.२७वा भाग असतो. दोन्हींची गल्लत झाली, तर २६० मिलिमीटरमागे जवळपास एक मिलिमीटरचा फरक पडतो.

तयार पीडीएफच्या पोटात एका रेघेची सूचना अशी दिसते:

```
0.283 w
42.520 52.441 m
42.520 789.449 l
S
```

पहिली ओळ जाडी सांगते: ०.२८३ पॉइंट, म्हणजे ०.१ मिलिमीटर. दुसरी ओळ पेन एका बिंदूवर नेऊन ठेवते, तिसरी दुसऱ्या बिंदूपर्यंतचा मार्ग आखते आणि शेवटचं अक्षर म्हणतं, आता ओढ. आकडे कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजलेले आहेत. ही रेघ डाव्या कडेपासून १५ मिलिमीटरवर, खालून १८.५ मिलिमीटरपासून वर २६० मिलिमीटर जाते. अशा शेकडो सूचना हाताने लिहिण्यात अर्थ नाही. त्या लिहून घेण्यासाठीच स्क्रिप्ट.

एक पान आलेख कागद

पायथन ही भाषा आणि तिचं रिपोर्टलॅब नावाचं ग्रंथालय, दोन्ही फुकट मिळतात. संगणकावर पायथन असेल तर `pip install reportlab` ही एक आज्ञा पुरते. आपल्याला ए-फोर कागदावर १८० बाय २६० मिलिमीटरची चौकट हवी आहे. ए-फोर २१० बाय २९७ चा, म्हणजे डावी-उजवीकडे १५-१५ आणि वर-खाली साडेअठरा मिलिमीटर कोरी जागा राहील. बहुतेक घरगुती प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, काही मिलिमीटर सोडतात. ही कोरी जागा त्याहून बरीच जास्त असल्यामुळे चौकट कापली जात नाही.

```python
from reportlab.pdfgen import canvas
from reportlab.lib.pagesizes import A4
from reportlab.lib.units import mm

W, H = 180, 260
c = canvas.Canvas("aalekh.pdf", pagesize=A4)
c.translate((A4[0] - W*mm)/2, (A4[1] - H*mm)/2)
c.setLineCap(2)
for step, thick in ((1, 0.10), (5, 0.18), (10, 0.30)):
    c.setLineWidth(thick*mm)
    for i in range(0, W + 1, step):
        c.line(i*mm, 0, i*mm, H*mm)
    for j in range(0, H + 1, step):
        c.line(0, j*mm, W*mm, j*mm)
c.showPage()
c.save()
```

`translate` ची ओळ मोजणीचा आरंभबिंदू कागदाच्या कोपऱ्यातून उचलून चौकटीच्या कोपऱ्यात आणते. त्यापुढे तीच जाळी तीनदा काढली जाते. आधी दर मिलिमीटरला बारीक रेघ, मग दर पाच मिलिमीटरला मध्यम, शेवटी दर सेंटिमीटरला ठळक. क्रम असाच हवा, म्हणजे जाड रेघ बारकीवर बसते आणि सेंटिमीटरचे चौकोन उठून दिसतात.

`W + 1` मधला तो एक विसरायचा नाही. १८० चौकोनांना १८१ उभ्या रेघा लागतात. एक कमी पडली तर उजवी कड उघडी राहते. कड उघडी राहण्याचं दुसरं कारण जास्त फसवं आहे. काही जण रेघेची जागा बेरजेने काढतात, मागच्या जागेत एक पाऊल मिळवत जातात. पाऊल पूर्णांक असेल तर बिघडत नाही, पण ०.१ इंचासारखं असेल तर बिघडतं. संगणकाला ०.१ ही संख्या दुहेरी अंकपद्धतीत तंतोतंत मांडता येत नाही. तीनदा ०.१ मिळवले की पायथनमध्ये उत्तर `0.30000000000000004` येतं. थांबायची अट ०.३ असेल, तर शेवटची रेघ हद्दीबाहेर गेली असं समजून ती वगळली जाते. म्हणून रेघा पूर्णांकांनी मोजायच्या आणि जागा गुणाकाराने काढायची: कितवी रेघ, गुणिले एक घर. वरच्या स्क्रिप्टमध्ये नेमकं हेच केलं आहे.

`setLineCap(2)` चं काम कोपऱ्यात दिसतं. पीडीएफमधली रेघ एरवी शेवटच्या बिंदूवर सरळ कापलेली असते. चौकटीच्या कोपऱ्यावर उभी आणि आडवी रेघ भेटते, तेव्हा बाहेरच्या बाजूला अर्ध्या जाडीची एक खाच उरते. रेघेची टोकं अर्ध्या जाडीने पुढे काढली की ती भरून जाते.

फिकट रेघ कशी काढायची

आलेख कागदाची रेघ दिसली पाहिजे, पण वर काढलेल्या आलेखाशी तिने स्पर्धा करता कामा नये. मनात पहिला विचार येतो तो फिकट राखाडी किंवा फिकट निळ्या रंगाचा. लेझर प्रिंटरवर तोच अंगाशी येतो. काळ्या टोनरच्या प्रिंटरला राखाडी रंग माहीत नसतो. तो काळे ठिपके विरळ टाकून राखाडीचा भास निर्माण करतो. मोठ्या पृष्ठभागावर हे चालून जातं. पण ०.१ मिलिमीटरची रेघ म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांच्या प्रिंटरवर जेमतेम दोन-तीन ठिपक्यांची जाडी. त्यातले काही वगळले की रेघेची तुटक माळ होते, आणि उभ्या-आडव्या रेघा वेगवेगळ्या गडद दिसू लागतात. भिंग लावून पाहिलं की लगेच समजतं.

म्हणून काळ्या लेझर प्रिंटरवर रंग फिकट करायचा नाही, जाडी कमी करायची. शुद्ध काळा रंग आणि ०.१ किंवा त्याहून कमी मिलिमीटर जाडी ठेवली, की रेघ सलग राहते आणि पुरेशी हलकीही दिसते. रंगीत शाईच्या प्रिंटरवर थोडी मोकळीक असते. तिथे एकाच शाईचा पूर्ण रंग निवडावा, उदाहरणार्थ फिरोजी निळा. त्यातही शाई विरळ टाकायची गरज कमी पडते.

जाडी शून्य मात्र कधी लिहू नये. पीडीएफच्या नियमांत शून्य म्हणजे 'रेघ नाही' असं नसून 'यंत्राला जमेल तितकी बारीक' असं आहे. घरच्या प्रिंटरवर ती रेघ ठीक दिसेल. तीच फाइल छापखान्यातल्या कितीतरी सूक्ष्म यंत्रावर गेली, तर जाळी जवळपास अदृश्य होईल. पडद्यावरच्या रूपावरही विसंबू नये. पान आक्रसून दाखवताना एका रेघेच्या वाट्याला पडद्याचा एक पूर्ण ठिपकाही येत नाही. त्यामुळे मध्येच काही रेघा ठळक आणि काही गायब झाल्यासारख्या दिसतात. फाइलमध्ये दोष नसतो. चारशे टक्के मोठं करून पाहावं, नाहीतर सरळ एक पान छापावं.

रेघांची वही

वहीच्या पानाला मिलिमीटरची इतकी काटेकोर गरज नसते. तिथे प्रश्न मांडणीचा असतो. आठ मिलिमीटर अंतराच्या रेघा घेऊ. पहिली रेघ कागदाच्या वरच्या कडेपासून ३० मिलिमीटरवर आणि खाली किमान १५ मिलिमीटर कोरे. २९७ मधून हे ४५ वजा केले की २५२ उरतात. त्यात आठ मिलिमीटरची ३१ पूर्ण घरं बसतात, म्हणजे ३२ रेघा. उरलेले चार मिलिमीटर खाली जातात. इथे लक्षात ठेवायचं ते असं की पीडीएफ खालून मोजतं आणि वही वरून आखली जाते. म्हणून प्रत्येक रेघेची उंची २९७ वजा वरून असलेलं अंतर अशी काढायची. खालून आखायला घेतलं, तर ते उरलेले चार मिलिमीटर वर येतात आणि तारखेची जागा वेडीवाकडी होते.

पान पाठपोट छापायचं असेल तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. समासाची लाल रेघ पुढच्या बाजूला डावीकडे असेल, तर पाठीमागे ती उजवीकडे हवी, म्हणजे दोन्हीकडचा समास शिवणीच्या बाजूला पडतो. आणि दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींच्या बरोबर पाठीवर आल्या पाहिजेत. पातळ कागदावर मागची रेघ पुढे दिसते. ती पुढच्या दोन रेघांच्या मधोमध आली, तर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो. दोन्ही पानं वरच्या कडेपासून सारख्याच अंतरावर आखली, तर फाइलपुरता हा प्रश्न सुटतो.

स्वतःची स्क्रिप्ट असण्याचा खरा फायदा मुलांच्या मराठी हस्ताक्षराच्या सरावात दिसतो. साध्या वहीत रेघ अक्षराच्या तळाशी येते. रोमन लिपीला ते सोयीचं आहे, कारण ती अक्षरं रेघेवर बसतात. देवनागरी अक्षर शिरोरेघेखाली लटकतं. वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार शिरोरेघेच्या वर जातात, उकार आणि रफारासारखी चिन्हं एक खाली तर एक वर जागा मागतात. मग पान तसंच आखावं: शिरोरेघेसाठी एक ठळक रेघ, तिच्याखाली आठ मिलिमीटरवर अक्षराच्या तळाची बारीक रेघ, वरच्या चिन्हांसाठी ठळक रेघेच्या वर पाच मिलिमीटरवर एक आणि उकारासाठी तळाच्या खाली पाच मिलिमीटरवर एक. एका ओळीचा हा संच १८ मिलिमीटरचा झाला. दोन संचांत चार मिलिमीटर सोडले तर दर २२ मिलिमीटरला एक ओळ येते. २६० मिलिमीटरच्या उंचीत असे १२ संच बसतात. मूल मोठं झालं, की आठच्या जागी सहा लिहायचं आणि त्याच्या प्रमाणात बाकीचे आकडे कमी करायचे.

पाच रेघांचा कागद

पाश्चात्त्य स्वरलिपीचा कागद आखणं हे एके काळी हातकाम होतं. रास्ट्रम नावाच्या पाच टोकांच्या लेखणीने पाचही रेघा एका ओढीत काढत. प्रत्येक लेखणीच्या टोकांमधलं अंतर किंचित वेगळं असे. या अंतरांवरून आणि कागदातल्या जलचिन्हांवरून अभ्यासक आज जुन्या हस्तलिखितांचा काळ ठरवतात. ॲलन टायसन यांनी मोत्सार्टच्या हस्तलिखितांवर केलेलं काम त्यासाठी प्रसिद्ध आहे.

आपल्याकडे या कागदाचं नातं गोव्याशी आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना ही स्वरलिपी शिकवली जाई. त्या शिक्षणाच्या बळावर गोव्याचे वादक आणि संगीत संयोजक मुंबईच्या सिनेमासृष्टीत आले. शंकर-जयकिशन यांच्यासोबत काम केलेले सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांतलं ठळक नाव. वाद्यवृंदात प्रत्येक वादकासमोर त्याचा स्वतंत्र कागद लागतो. तो हाताने लिहायचा, तर रेघांमध्ये पेनचं टोक आणि स्वराचा गोळा नीट मावला पाहिजे.

संगीत छापणाऱ्या लिलिपाँड या प्रोग्रॅममध्ये पाच रेघांच्या पट्ट्याची उंची एरवी सात मिलिमीटरच्या आसपास असते. हाताने लिहिण्यासाठी आठ बरी. पाच रेघांत चार घरं, म्हणजे एक घर बरोबर दोन मिलिमीटरचं. वर आणलेल्याच चौकटीत असे दहा पट्टे आखायचे तर:

```python
gap, n = 2, 10
h = 4 * gap
pitch = (260 - h) / (n - 1)
c.setLineWidth(0.2*mm)
for s in range(n):
    for k in range(5):
        y = (s*pitch + k*gap) * mm
        c.line(0, y, 180*mm, y)
```

दहा पट्ट्यांमध्ये नऊच अंतरं असतात, म्हणून भागाकार `n - 1` ने. एका पट्ट्याच्या तळापासून पुढच्याच्या तळापर्यंत बरोबर २८ मिलिमीटर येतात. त्यांतले आठ पट्ट्याचे, उरलेले वीस मोकळे. ही मोकळी जागा वाया गेलेली नसते. पट्ट्याच्या वर-खाली जाणाऱ्या स्वरांना छोट्या जादा रेघा लागतात, आणि खाली गाण्याचे शब्द येतात. शब्द लिहायचे नसतील तर `n` बारा करावा. मग मोकळी जागा पंधरा मिलिमीटरच्या आत येते. त्याहून पट्टे वाढवले, की एका पट्ट्याची खालची जादा रेघ दुसऱ्याची वरची वाटू लागते.

भातखंडे पद्धतीने बंदिश लिहिणाऱ्याला हे पाच-रेघी पान उपयोगाचं नाही. त्याला मात्रांचे रकाने हवेत. तीनतालासाठी १८० मिलिमीटरचे १६ भाग केले की एक रकाना ११.२५ मिलिमीटरचा होतो. दर चार रकान्यांनंतर ठळक रेघ ओढली की चार विभाग दिसतात, प्रत्येक ४५ मिलिमीटरचा. एका ओळीला वीस मिलिमीटर उंची दिली तर पानावर १३ ओळी बसतात. तार सप्तकाचा बिंदू स्वराच्या वर येतो, मंद्र सप्तकाचा बिंदू आणि कोमलची आडवी रेघ खाली येते, आणि त्याखाली बोल. सगळ्यांना जागा मिळते. ११.२५ हा आकडा वाकडा आहे, पण रकाना मोजून गुणाकार करण्याची आपली रीत असल्यामुळे सोळावी रेघ बरोबर १८० वरच येते. झपतालाला सोळाच्या जागी दहा लिहायचे, आणि ठळक रेघा दोन, तीन, दोन, तीन अशा विभागांवर ओढायच्या.

माप हरवतं ते छापताना

इथपर्यंत फाइल चोख आहे. सुरुवातीला आकसलेला कागद बहुतेक वेळा फाइलमुळे आकसत नाही, तो 'प्रिंट'च्या चौकटीत आकसतो. तिथे 'फिट' किंवा 'पानात बसवा' अशा अर्थाचा पर्याय आधीच निवडलेला असतो. त्याऐवजी 'ॲक्च्युअल साइज' किंवा १०० टक्के निवडायचं. फाइलमध्येही तशी विनंती लिहून ठेवता येते. त्यासोबत पानाच्या तळाशी शंभर मिलिमीटरची एक तपासणीची रेघ काढावी. या ओळी `showPage` च्या आधी घालायच्या:

```python
c.setViewerPreference("PrintScaling", "None")
c.setLineCap(0)
c.line(0, -8*mm, 100*mm, -8*mm)
c.drawString(102*mm, -9*mm, "100 mm")
```

पहिली ओळ ही विनंतीच आहे, सक्ती नाही. काही प्रोग्रॅम ती पाळतात, काही दुर्लक्ष करतात. म्हणून तपासणीची रेघ जास्त महत्त्वाची. पान छापलं की ती स्टीलच्या पट्टीने मोजायची. कंपासपेटीतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीचं शून्य बऱ्याचदा कडेपासून आत असतं, त्यामुळे १० पासून ११० पर्यंत मोजणं बरं.

चुकीचा आकडाच दोष कुठे आहे ते सांगतो. रेघ ९४ मिलिमीटर भरली, तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ए-फोरऐवजी अमेरिकी 'लेटर' कागद निवडलेला आहे. लेटरची उंची २७९.४ मिलिमीटर, त्यात २९७ चं पान बसवायचं म्हणजे ०.९४ पट. पिंपळाच्या पानाचं गणित चुकवणारा आकडा हाच. उलट लेटर मापाची फाइल ए-फोरवर बसवली, तर रुंदी २१५.९ वरून २१० वर येते आणि रेघ ९७ भरते. ९६ च्या आसपासचा आकडा आला, तर प्रोग्रॅमने कडेची न छापता येणारी जागा वगळून पान आत ओढलेलं असण्याची शक्यता मोठी. तिन्हींवर उपाय सेटिंगमध्येच आहे. स्क्रिप्टमधले आकडे वाढवून भरपाई करायला जाऊ नये. उद्या सेटिंग बरोबर झालं की तीच फाइल चुकीची ठरेल.

आडवं माप बरोबर आणि उभं किंचित चुकलेलं, हा मात्र वेगळा प्रकार. कागद उभ्या दिशेने प्रिंटरच्या रुळांतून सरकतो आणि तिथे थोडीफार कसर राहते. २६० मिलिमीटरची चौकट २५९.२ भरली, तर उभ्या दिशेने २६० भागिले २५९.२, म्हणजे १.००३ ने वाढवता येतं. `translate` च्या ओळीनंतर `c.scale(1, 1.003)` लिहिलं की झालं. अशी फाइल त्या एकाच प्रिंटरची झाली. तिचं नाव वेगळं ठेवावं आणि ती दुसऱ्या कुणाला देऊ नये.

याच्या खाली मात्र स्क्रिप्टची हद्द संपते. कागद हवेतली ओल शोषून वाढतो, आणि त्याच्या तंतूंच्या दिशेपेक्षा आडव्या दिशेला जास्त वाढतो. लेझर प्रिंटरमध्ये टोनर पक्का करताना कागद तापतो, त्यातली ओल जाते आणि तो थोडा आकसतो. पाठपोट छापताना पहिली बाजू छापून तापलेला कागद दुसऱ्या बाजूला येतो, तेव्हा त्याचं माप आधीचं राहिलेलं नसतं. म्हणून फाइलमध्ये रेघेवर रेघ असली, तरी छापल्यावर दोन्हीकडच्या रेघा किंचित हललेल्या दिसतात. पावसाळ्यात उघडं राहिलेलं रिम वापरलं, तर हे जास्त जाणवतं. वहीला याने काही होत नाही. मिलिमीटरच्या कागदासाठी एकाच बाजूला छापावं.

वर्गासाठी चाळीस प्रती हव्या असतील, तर एक प्रत छापून तिच्या झेरॉक्स काढू नयेत. झेरॉक्सचं यंत्र स्वतःचं लहानमोठं माप त्यात घालतं आणि ०.१ मिलिमीटरची रेघ कुठे जाड करतं, कुठे तोडतं. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्हवर पीडीएफच द्यावी, छापताना १०० टक्के सांगावं आणि पहिलं पान हातात आलं की तळाची रेघ मोजावी. ती शंभर भरली, तरच बाकीच्या एकोणचाळीस प्रती काढायला सांगाव्यात.